आकडा स्नायूंचा, धास्ती लिव्हरची

"मॅडम, दीड वर्ष रोज क्रिएटिन घेतोय. ऑफिसच्या चेकअपमध्ये एसजीओटी १४२ आलं. या पावडरीनं माझं लिव्हर गेलं का?"

जिमला जाणारी मुलं आणि त्यांच्या आया हे मला इतक्यांदा विचारतात, की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यातल्या एकाची ही गोष्ट, ओळख पटणार नाही अशा बेतानं. वय २६, आयटीतली नोकरी. झोप उडालेली, आणि सकाळी उठल्याबरोबर आरशात डोळे पिवळे झालेत का ते बघायचं.

मी समुपदेशक. लिव्हर ठीक आहे की नाही हे ठरवणं माझं काम नव्हे, म्हणून त्याला आधी फिजिशियनकडे पाठवलं. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, बिलिरुबिन नॉर्मल, सोनोग्राफीत काही नाही. डॉक्टरांनी धीर दिला, पण भीती तसूभरही हलली नाही.

"मागच्या वर्षीही वाढलं होतं. क्रिएटिन बंद केलं, दोन आठवड्यांत उतरलं. आणखी काय पुरावा हवा?"

"त्या दोन आठवड्यांत जिम?"

"छे! इतका घाबरलो होतो, डंबेलला हातही लावला नाही."

मी पुढे काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, "म्हणजे बंद दोन गोष्टी केल्या, आणि नाव एकीचंच घेतलं."

याच वाक्याची मी वाट पाहत होते. मी विवेकनिष्ठ विचारांच्या तालमीतली. 'काही होत नाही रे' असं सांगून भीती चार दिवस दबते. ती जाते तेव्हा माणसानं आपला पुरावा स्वतः उलटा करून पाहिलेला असतो. हे मी त्याला तोंडानं सांगितलं असतं तर त्यानं नुसती मान डोलावली असती.

एसजीओटी हे एन्झाइम लिव्हरच्या रिपोर्टमध्ये छापून येतं, पण ते स्नायूंतही भरपूर असतं. एसजीपीटीही असतं, जरा कमी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजनं उचलायची सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांकडून तासभर व्यायाम करून घेतला. दोन्ही आकडे वाढले आणि किमान सात दिवस वाढलेलेच राहिले. जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम आणि बिलिरुबिन मात्र नॉर्मल राहिलं. फरक ओळखायची खूण हीच: स्नायू दुखावले की त्यांतलं सीपीके हे एन्झाइम रक्तात चढतं, जीजीटी जागचं हलत नाही.

याचं रक्त शनिवारी सकाळी घेतलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी स्क्वॉट आणि डेडलिफ्ट! डॉक्टरांनी त्याच नमुन्यावर आणखी तपासण्या करायला सांगितल्या. सीपीके चढून ३,४००, जीजीटी १९ म्हणजे नॉर्मल. मग त्यांच्या संमतीनं आम्ही मागच्या वर्षीचा प्रयोग उलटा केला: दहा दिवस वजनं बंद, क्रिएटिन रोज ५ ग्रॅम चालूच. एसजीपीटी सावकाश उतरतं हे त्याला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर तेवढ्यावरून पुन्हा धास्ती घेतली असती. दहा दिवसांनी एसजीओटी २९, एसजीपीटी ८१ वरून ४४, सीपीके नॉर्मल.

"पण पाच वर्षांनी?" हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्तच आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फुटबॉल खेळाडूंची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातले दहा जण रोज ५ ते २० ग्रॅम क्रिएटिन घेत होते, कुणी तीन महिने तर कुणी साडेपाच वर्षांहून जास्त. न घेणाऱ्या तेरा जणांशी तुलना केल्यावर लिव्हर आणि किडनीच्या आकड्यांत अर्थपूर्ण फरक दिसला नाही. २००३ च्या दुसऱ्या अभ्यासात ९८ खेळाडूंवर २१ महिन्यांपर्यंत लक्ष ठेवलं, निष्कर्ष तोच. तसंही आपलं शरीर रोज साधारण एक ग्रॅम क्रिएटिन बनवतं, आणि त्यातली शेवटची पायरी लिव्हरमध्येच होते.

हे अभ्यास लहान आहेत, हेही त्याला सांगितलं. दहा जणांत न दिसलेलं काही लाखांत एखाद्याला होणारच नाही, अशी हमी त्यातून मिळत नाही. शिवाय ते धडधाकट खेळाडूंचे आहेत. आधीच लिव्हरचा आजार असलेल्यानं त्यांच्या भरवशावर डबा उघडू नये.

महिन्याभरानं तो जिममधल्या मित्राला घेऊन आला. "याचंही तसंच आहे, जरा समजवा." मित्राच्या डब्यावर अकरा घटकांची नावं होती, जीजीटी वाढलेलं, अंगाला खाज. अशा 'मसल' पावडरींत कधीकधी न छापलेलं स्टेरॉइड मिसळलेलं असतं, आणि तोंडावाटे घ्यायची काही स्टेरॉइड्स लिव्हरला खरोखर इजा करतात. त्याला मी समजावलं नाही. डबा सोबत घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला सांगितलं.