भावगीतात चाल शब्दांवर कुरघोडी करते, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: कवितेला चाल लावतोय. मित्र म्हणतात, 'चाल गोड आहे, पण शब्द कळत नाहीत.' काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक वेळा ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं. आमच्या नाशिकची एक साधी ओळ घ्या: 'गोदेकाठी सांज उतरली, दिवा लागला पाण्यात'. हिच्या मात्रा आठ, आठ, आठ आणि पाच. केरवा ताल आठ मात्रांचा, म्हणून एकेक तुकडा एकेका आवर्तनात बसतो आणि शेवटी तीन मात्रा मोकळ्या राहतात. गायकाचा श्वास तिथेच.

आता तिसऱ्या आवर्तनाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'दि'वर येते. तो ऱ्हस्व आहे. समेच्या मोहाने तिथे थांबलात तर 'दीवा' ऐकू येतं. सम 'दि'वर नुसती स्पर्शून जाऊ द्या, ठेहराव 'वा'वर घ्या. तसंच 'पाण्यात'मधला 'ण्या' लांबवा, 'त' नाही. हरकत, म्हणजे स्वरांची छोटी नक्षी, घ्यायचीच तर शब्द पूर्ण झाल्यावर. माझ्या मते भावगीतात हा संयम सुरेलपणाइतकाच महत्त्वाचा.

तपासायला, कविता न वाचलेल्या माणसाला एकदाच ऐकवा आणि ऐकलेलं लिहायला सांगा. जिथे तो अडखळेल, तिथली चाल बदला.