नाशिकची जमीन बोअरवेलमुळे खचतेय का?

प्रश्न: आमच्याकडे द्राक्षबागांसाठी बोअर पाचशे फुटांवर गेलेत. यामुळे जमीन खचते का, आणि उपग्रहाला ते कसं कळतं?

उत्तर: बोअर आटेल, पण जमीन खचण्याची भीती नाशिकला कमीच. खचतो तो मऊ चिकणमातीचा जाड थर: पाण्याचा दाब गेला की वरच्या वजनाने तो दबतो, आणि बहुतांशी कायमचा. मेक्सिको सिटीत काही भाग वर्षाला सुमारे 50 सेंमी खाली जातात. आपल्याखाली बेसाल्ट आहे. भेगा रिकाम्या झाल्या तरी कातळ फारसा दबत नाही.

सेंटिनेल-1 उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी साधारण 5.6 सेंमी. लहर जाऊन परत येते, म्हणून जमीन उपग्रहापासून 2.8 सेंमी दूर गेली की परतीच्या लहरीत एक पूर्ण आवर्तनाचा फरक पडतो. पाव आवर्तन म्हणजे 7 मिमी. हा फरक वेगवेगळ्या दिवशी घेतलेली दोन रडारचित्रं ताडून काढतात, पण फक्त अशा एका जोडीवर विश्वास ठेवू नका, पावसाळी हवेतली वाफही तेवढाच फरक दाखवते. बरीच चित्रं लावली की हवेचा गोंधळ विरतो, संथ खचणं उरतं.

द्राक्षाची पानं हलतात, वाढतात, म्हणून बागेत मोजमाप फसतं. इमारती आणि उघडा खडक बरे. आणि काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात आक्रसते. मोजमापाच्या आलेखात दरवर्षी वरखाली होणारी रेघ दिसली, तर ते खचणं नव्हे.