उद्या ज्याचा पेपर, त्याचं टेबल

मावशी, मी बारावी सायन्सला आहे, भाऊ दहावीला. वन बीएचकेतली बेडरूम आम्हा दोघांत, टेबलही एकच. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्यात, मोबाईलवर टायमर लावून. माझं फिजिक्सचं गणित अर्धं झालेलं असतं आणि हा पाच मिनिटं आधीच खुर्चीमागे येऊन उभा राहतो. स्वतःची पाळी नसली की गादीवर बसून मोठमोठ्याने इतिहास पाठ करतो. रात्री मी दिवा लावला की ओरडतो, पहाटे पाचला त्याचा गजर मला उठवतो. आई म्हणते, तू मोठी आहेस, समजून घे. अगं पण माझीही बोर्डाचीच परीक्षा आहे ना? काल मी त्याची वही फेकली. वाईट वाटतंय, पण राग गेलेला नाही. काय करू?
— मोठी, डोंबिवली

बाळा,

आधी ती वही उचलून त्याच्या हातात दे. राग गेल्यावर माफी माग, घाई नाही. पण वही आजच दे, त्याचा एक दिवस त्यात अडकलाय.

आता माझं ऐक. १९८६ साली मी दहावीला होते आणि दादा बारावी कॉमर्सला. गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराची खोली, आणि टेबल म्हणजे आईचं शिलाई मशीन. मुंडी आत दुमडायची, वर फळी टाकायची, झालं टेबल. बसलं की गुडघे लोखंडी सांगाड्याला लागायचे आणि पाय आपसूक पायडलवर जायचे. दादा विचारात असला की पाय हलवायचा, चाक फिरायचं, फळी थरथरायची आणि अक्षर वाकडं यायचं. शेवटी आईने परीक्षेपुरता पट्टाच काढून ठेवला. म्हणजे त्या टेबलाला भागीदार तीन होते. आई शेजारणींचे ब्लाउज शिवायची आणि पट्टा काढला की तिची कमाई थांबायची. हे आम्हाला तेव्हा दिसत नव्हतं.

आम्हीही तुमच्यासारखंच केलं. दीड-दीड तासाच्या पाळ्या, भिंतीवरच्या घड्याळावर. तिसऱ्या दिवशी दादाचा ताळेबंद चाळीस रुपयांनी जुळेना. मी मागे उभी. साडेसात वाजले, मी म्हटलं ऊठ. तो म्हणाला, चूक सापडू दे. मी म्हटलं, ती तुझी चूक, वेळ माझी. तो उठला, कागद घेऊन गॅलरीत गेला आणि सगळी बेरीज पहिल्यापासून करत बसला. जिंकून टेबलावर बसलेल्या मी काय केलं माहितीय? भूगोलाचं पुस्तक उघडून वाचत बसले. जे गॅलरीतही वाचता आलं असतं.

हे मी बाईंना सांगितलं नाही, आईलाही नाही, तुला सांगते. पुढचे चार दिवस मी टेबल अडवत होते. मला हवं होतं म्हणून नव्हे, दादाला मिळू नये म्हणून.

सोडवलं दादानेच. एका रविवारी त्याने कागदाचे दोन रकाने केले. एका बाजूला ज्याला टेबल लागतंच ते: त्याची अकाउंट्स, माझं बीजगणित, भूमिती, विज्ञानाच्या आकृत्या, नकाशे. दुसऱ्या बाजूला ज्याला लागत नाही ते: भाषा, इतिहास, त्याचं अर्थशास्त्र, सगळं पाठांतर. टेबल फक्त पहिल्या रकान्याचं. दुसरा रकाना गॅलरीत, जिन्यात, नाहीतर मशिनीशेजारी सतरंजीवर. आणि एकदा बसलं की हातातलं उदाहरण संपेपर्यंत उठवायचं नाही. त्यावर मी विचारलं, संपलंच नाही तर? तो म्हणाला, वीस मिनिटं पेन हललं नाही तर ते उदाहरण संपलंय असंच समजायचं, आपणहून उठायचं. हा नियम त्याने आधी स्वतःवर चालवला. दुसऱ्याच दिवशी खुर्ची मागे सारून म्हणाला, वीस झाली, बस तू.

तुमचे दोन तास याच कारणाने चालत नाहीत. तुझा फिजिक्सचा पेपर तीन तासांचा, गणिताचाही तीन तासांचा. दोन तासांत तो निम्म्याहून थोडा पुढे जातो आणि नेमकी शेवटची मोठी उदाहरणं, जिथे हात दुखतो आणि चुका होतात, ती सरावात कधी येतच नाहीत. त्याचं उलटं आहे. दहावीच्या गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी चाळीस गुणांचे आणि दोन तासांचे. त्याला दोन तास नेमके पुरतात. म्हणून समान वाटणीत तू भांडतेस आणि त्याला कळतच नाही तू का भांडतेस. पाळी पेपराएवढी करा. तुझी तीन तासांची, त्याची दोन तासांची, आणि त्याच्या दोन पाळ्या झाल्या तरी तू मोजत बसू नकोस.

भावाची शाळा कोणत्या वेळची ते तू लिहिलं नाहीस, म्हणून सुट्टीचा दिवस धरून सांगते. सकाळी साडेसहा ते साडेआठ तो, भूमिती किंवा बीजगणित. अकरा ते दोन तू, कारण तुझे बरेचसे पेपर त्याच वेळेला असणार, आणि शेवटची दहा मिनिटं धर, २०२३ पासून बोर्ड ती वेळ संपल्यावर वाढवून देतं. या वेळात तो घरात नकोच. जवळ महापालिकेची किंवा एखाद्या मंडळाची अभ्यासिका असेल तर तिथे जाऊन भाषा-इतिहास करू दे. मोठ्याने म्हणायचं असेल तर गच्ची. ज्याला पाठ करताना आवाज लागतो त्याला गप्प बसायला सांगून उपयोग नाही, त्याला जागा द्यावी लागते. दुपारी चार ते सहा पुन्हा तो. रात्री साडेसात ते साडेदहा तू. मधले तास मी मुद्दाम रिकामे सोडलेत. ते ज्याचं उदाहरण लांबेल त्याचे.

रात्री साडेदहाला बंद म्हणजे तुला चिडायला होईल, मला कल्पना आहे. रात्री डोकं छान चालतं असं बारावीत सगळ्यांनाच वाटतं, दादालाही वाटायचं. तो एक वाजेपर्यंत बसायचा आणि आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला यायचं. बादल्यांचा खणखणाट सुरू झाला की त्याची झोप संपली. सराव परीक्षेत सकाळी अकराला तो जांभया देत होता, हे त्यानेच कबूल केलं. तुझ्याकडे बादल्यांच्या जागी भावाचा गजर आहे, एवढाच फरक. पहिल्या पेपराच्या आठ-दहा दिवस आधी तरी रात्रीची पाळी साडेदहाला थांबव. आणि गजराचा मोबाईल त्याच्या उशीखाली, फक्त कंपनावर. टेबललॅम्प भिंतीकडे वळवा, आणि झोपणाऱ्याने डोकं टेबलाच्या उलट बाजूला करायचं. आम्ही पंचवीसच्या बल्बला पोस्टकार्ड टाचायचो. ते एकदा करपलं, ते सोड.

आता खरी गाठ. बारावी आधी सुरू होते, दहावी साधारण दहा दिवसांनी. २०२५ मध्ये बारावी ११ फेब्रुवारीला आणि दहावी २१ ला सुरू झाली होती. सुरुवातीचे दिवस फक्त तुझे, शेवटी त्याचे काही दिवस कदाचित एकट्याचे, आणि मधले दोन-तीन आठवडे दोघांचे एकत्र. तुमची दोन्ही वेळापत्रकं एकाच कागदावर, एका तारखेखाली शेजारी-शेजारी लिहून दाराला लावा. मग नियम एकच: उद्या ज्याचा पेपर, त्याचं टेबल, दुपारी चारपासून. तुझ्या दोन पेपरांमध्ये तीन दिवसांची सुट्टी आली आणि उद्या त्याचं विज्ञान असेल, तर तू सतरंजीवर. उद्या तुझं केमिस्ट्री आणि त्याला दोन दिवस मोकळे, तर तो सतरंजीवर. दोघांचाही उद्याच असेल तर पुन्हा दादाचे दोन रकाने काढा. त्याची भूमिती आणि तुझं मराठी असेल तर टेबल त्याचं, मोठं-लहान न बघता. तुझं गणित आणि त्याचा इतिहास असेल तर तुझं.

आणि दोघांचंही गणित एकाच दिवशी आलं तर? तसं क्वचित होईल, पण झालं तर स्वयंपाकघराचा ओटा आठनंतर पुसून घ्या. उभ्याने गणित करता येतं, मी केलंय.

आईला "तू मोठी" म्हणण्यावरून बोलू नकोस. तिच्यापुढे दिवसातून चार वेळा निवाडा येतो, म्हणून ती सगळ्यात सोपा निवाडा देते. दाराला कागद लागला की तिला निवाडा द्यावाच लागणार नाही, ती बोट दाखवेल. आमच्या आईनेही तेच केलं. आणि दादा पेपरला गेला की अकरा ते दोन ती पट्टा चढवून ब्लाउज शिवायची, तो यायच्या आत पट्टा पुन्हा खुंटीला. हे मला दादाच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी कळलं. मी आजारी म्हणून घरी होते, डोळे उघडले तर मशीन चालू. "झालंच," ती म्हणाली, "शेवटची बाही."

एक किरकोळ गोष्ट. हॉल तिकीट आणि कंपास टेबलाच्या खणात ठेवू नका. दोघांच्या दोन पिशव्या, बाहेर हॉलमध्ये, रात्रीच भरून. सकाळी तू झोपलेली असताना त्याने खण खडखडावला तर माझा सगळा सल्ला वाया.

तुझं पत्र सुरेख अक्षरात आहे, चार पानं, म्हणजे टेबलावर बसूनच लिहिलं असणार. कोणाच्या पाळीत लिहिलंस, ते तेवढं भावाला विचारून कळव.

— मावशी