स्टायपेंड आणि पार्ट-टाइम मिळून खर्च भागतो, तरी दर सेमिस्टरला पैसे कमी का पडतात?

प्रश्न: परदेशात शिकतोय. स्टायपेंड आणि पार्ट-टाइमचा पगार मिळून महिन्याच्या खर्चापेक्षा जास्तच होतात, तरी प्रत्येक सेमिस्टरला घरून पैसे मागवावे लागतात. बँकेच्या व्यवहारांवरून खरं बजेट कसं काढायचं?

उत्तर:

असं झालं की घरचे म्हणतात, "तिकडे जाऊन पोरं उधळतात." मला हे मान्य नाही. बहुतेक वेळा चूक खर्चात नसते, उत्पन्न मोजण्यात असते. खाली एक उदाहरण आकड्यांसकट मांडतो. आकडे समजण्यापुरते आहेत, चलन तुमचं धरा.

स्टायपेंड महिन्याला ८००. पार्ट-टाइम आठवड्याला १५ तास, हातात येणारे १५० आणि पगार दर पंधरवड्याला ३००. वर्षात २६ पगार, म्हणून महिन्याची सरासरी ६५०. एकूण १४५०. खर्च भाडं ६००, जेवण ३५०, प्रवास ८०, फोन २० आणि इतर २००, म्हणजे १२५०. कागदावर दरमहा २०० उरतात, पाच महिन्यांच्या सेमिस्टरला १०००. घरच्यांना हाच हिशेब दाखवलेला असतो आणि पुढचा सगळा वाद इथूनच सुरू होतो.

आता स्टेटमेंट बघा. स्टायपेंड महिना संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या १ तारखेला जमा होतो. त्यामुळे पाच महिन्यांत तो चारदाच दिसतो, म्हणजे ४००० ऐवजी ३२००. सेमिस्टर २२ आठवड्यांचं. पहिले ४ काम शोधण्यात गेले, शेवटचे ४ परीक्षेसाठी सोडले. काम झालं १४ आठवडे, म्हणजे ७ पगार, २१००. सरासरीच्या हिशेबात हेच ३२५० धरले होते. एकूण आले ५३००, धरले होते ७२५०.

खर्चाच्या बाजूला नेहमीचे ६२५०, आणि पहिल्याच महिन्यात घराचं डिपॉझिट ६००, सेमिस्टर फी ३००, परमिटची फी १५०, अंथरूण-भांडी-थंडीचे कपडे २००. एकूण ७५००. म्हणजे १००० उरायच्या ऐवजी २२०० कमी पडले.

या २२०० चे दोन भाग करा, नाहीतर घाबरून चुकीचा निर्णय होईल. १४०० फक्त अडकलेले आहेत: पाचव्या महिन्याचा स्टायपेंड ८०० आणि डिपॉझिट ६००. ते परत येतील. ८०० मात्र खरीखुरी तूट आहे. अडकलेल्या पैशांसाठी उसने चालतात. खऱ्या तुटीसाठी उसने घेतले की ते पुढच्या सेमिस्टरच्या डोक्यावर बसतात.

दुसऱ्या सेमिस्टरला डिपॉझिट नाही, स्टायपेंड पाचदा येतो (मागचा राहिलेला धरून), काम पहिल्या आठवड्यापासून आहे. १८ आठवड्यांचे ९ पगार, २७००. आले ६७००. खर्च ६२५० अधिक फी ३०० अधिक घरी जायचं तिकीट ७००, म्हणजे ७२५०. तूट ५५०, आणि ती सगळी खरी. सरासरीत न दिसलेलं तिकीट इथे बाहेर पडतं.

हे स्टेटमेंटवरून काढायचं तर पूर्ण सेमिस्टरचे व्यवहार CSV मध्ये उतरवा. तीन महिन्यांचे घेतलेत तर नेमका पहिला किंवा परीक्षेचा महिना सुटतो. ती फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडा आणि तारीख, तपशील आणि रक्कम (आलेली अधिक, गेलेली उणे) हे A, B, C रकाने ठेवा. D मध्ये प्रकार लिहा, E मध्ये सेमिस्टर. मग:

```
=SUMIFS(C:C,D:D,"स्टायपेंड",E:E,"सेम १")
```

प्रकार आणि सेमिस्टरची नावं जुळत असूनही बेरीज शून्य आली तर रकमा बहुधा आकडे म्हणून नव्हे, मजकूर म्हणून आल्या आहेत. त्या खान्यात डावीकडे चिकटलेल्या दिसतात. दशांशाला स्वल्पविराम लावणाऱ्या देशांच्या फायलीत हे हमखास होतं. तारखांतही दिवस आणि महिना उलटे होतात, तेव्हा १२ च्या पुढच्या तारखा बरोबर वाचल्या गेल्यात का ते बघा. शेवटी एक पडताळणी: सुरुवातीची शिल्लक अधिक C ची पूर्ण बेरीज ही शेवटच्या शिलकीएवढी यायलाच हवी. नाही आली तर व्यवहार सुटलाय किंवा दोनदा आलाय. तोवर पुढे जाऊ नका.

प्रकार लावताना खरी चूक होते. घरून आलेले, स्वतःच्या बचत खात्यातून वळवलेले आणि मित्राकडून उसने घेतलेले पैसे हे उत्पन्न नाही. त्यांना "भरणा" असा वेगळा प्रकार द्या. उत्पन्नात धरलेत तर तूट दिसतच नाही, कारण ज्या पैशांनी ती बुजवली तेच कमाई म्हणून मोजले जातात. "खातं कधी शून्याखाली गेलं नाही, म्हणजे भागतंय" हा गैरसमज तिथूनच येतो. रूममेटने परत केलेला बिलाचा वाटाही उत्पन्न नव्हे. तो त्याच खर्चातून वजा करा, म्हणजे त्याला खर्चाचाच प्रकार द्या. क्रेडिट कार्डावरची खरेदी आणि कार्डाचं बिल यांतलं एकच मोजा.

मग दर महिन्याच्या शेवटी येणारी साठत जाणारी बेरीज मांडा, "भरणा" वगळून. उदाहरणात ती अशी येते: पहिला महिना उणे २५००, मग २३५०, २२००, २०५०, आणि परीक्षेच्या महिन्यात पुन्हा उणे २२००. सगळ्यात खोल खड्डा सेमिस्टरच्या शेवटी नाही, पहिल्या महिन्यात आहे. घरच्यांकडे मागायचा आकडा हा: २५००, आणि तो निघण्याआधी हातात हवा. दर महिन्याला थोडेथोडे मागितल्याने हा खड्डा भरत नाही.

आणि "बाहेरचं खाणं कमी कर" या सल्ल्याचं काय? इतर खर्च २०० वरून १०० वर आणला तरी पाच महिन्यांत ५०० वाचतात. पहिल्या सेमिस्टरची ८०० ची खरी तूटसुद्धा त्यात भरत नाही. दोन आठवडे आधी काम लागलं तर एकदम ३०० येतात. बिनपगारी आठवडे कमी करा, खाण्यावर घसरू नका.

मात्र परीक्षेच्या आठवड्यांत तास वाढवून ते भरू नका. बऱ्याच देशांत विद्यार्थी व्हिसावर शिकवणी चालू असताना आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या तासांना मर्यादा असते, आणि सगळ्या नोकऱ्यांचे तास त्यात एकत्र मोजले जातात. पहिल्या पगारातून कर जादा कापला गेला असेल तर तोही "अडकलेल्या" बाजूला लिहा, पण परतावा खात्यात येईपर्यंत खर्चायला धरू नका. स्टायपेंडच्या पत्रात रक्कम महिन्याच्या सुरुवातीला मिळते की शेवटी, आणि वर्षातल्या किती महिन्यांसाठी, हे आधी वाचा. तो १० महिन्यांचाच असेल तर सुट्टीच्या दोन महिन्यांचं १२०० भाडं वरच्या कुठल्याच आकड्यात आलेलं नाही.