स्वप्न 'पडतं' की 'पाहतो'? न पाहिलेल्या युद्धाची स्वप्नं

प्रश्न : मी चाळिशीचा, पुण्यात वाढलेला. युद्ध कधी पाहिलं नाही, घरात कुणी सैन्यात नाही. तरी महिन्यातून एक-दोनदा विमानं, बॉम्ब, सैनिक स्वप्नात येतात. बायकोला म्हणालो, "मी युद्धाचं स्वप्न पाहिलं," तर ती म्हणाली, "पाहिलं नाही, पडलं म्हण." मुलगी म्हणते, याला आघातस्वप्न म्हणतात. बरोबर काय? आणि 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे खरं असेल, तर माझ्या मनात युद्ध आलं कुठून?

उत्तर :

पहिला गुण वहिनींना. झोपेतलं स्वप्न मराठीत पडतं. आपल्याकडे 'पडणे' हे क्रियापद अशा कितीतरी गोष्टींना लागतं, ज्या माणूस करत नाही, त्याच्यावर येऊन ठेपतात : प्रश्न पडतो, विसर पडतो, भूल पडते, कोडं पडतं. या सगळ्यांत माणूस चतुर्थीत जातो. 'मी' असं म्हणत नाही, 'मला' असं म्हणतो. मला भूक लागली, मला आठवलं, मला स्वप्न पडलं. वाक्याचा कर्ता स्वप्न आहे, आपण नुसते त्याच्या वाटेत उभे.

'स्वप्न पाहणे' हेही मराठीच आहे, पण त्यात इच्छा येते. घराचं स्वप्न पाहतात, परदेशी शिकायला जाण्याचं पाहतात. त्यामुळे 'मी युद्धाचं स्वप्न पाहतो' हे वाक्य एखाद्या चढाईला आसुसलेल्या सेनापतीच्या तोंडी जास्त शोभेल. हिंदीत झोपेतलं आणि जागेपणीचं अशी दोन्ही स्वप्नं देखली जातात, आणि तिथूनच हा घोळ आपल्याकडे वाढला असावा असं मला वाटतं. 'स्वप्नात सैनिक पाहिले' यात मात्र काही चूक नाही, कारण तिथे पाहिले ते सैनिक, स्वप्न नव्हे.

आता नाव. 'दुःस्वप्न' शब्द फार जुना. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलात एक अख्खं सूक्त (10.164) वाईट स्वप्नाचा परिणाम टळावा म्हणून आहे. तिथे दुःस्वप्न म्हणजे अशुभ सुचवणारं स्वप्न. पुढे काय होणार यावर भर, झोपणाऱ्याला किती भीती वाटली यावर नाही. आजच्या छापील मराठीत हा शब्द बहुधा लाक्षणिक अर्थाने येतो, म्हणजे 'तो प्रवास म्हणजे दुःस्वप्नच होतं' असा. बोलण्यात आपण 'वाईट स्वप्न' म्हणतो आणि तेवढ्याने भागतं. लिहायचं असेल तर विसर्ग गाळू नका. दुःसह, दुःसाहस यांच्यासारखाच तो इथे हवा.

कन्येचा 'आघातस्वप्न' हा शब्द नेमका आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. ज्याच्यावर खरंच काही गुदरलं आहे, त्याला तोच प्रसंग झोपेत पुन्हा पुन्हा, कधी जवळजवळ जसाच्या तसा दिसतो, त्या स्वप्नासाठी तो शब्द ठेवावा. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची अशी स्वप्नं पाहून फ्रॉइडलाही अडखळायला झालं. स्वप्न इच्छा पुरवतं असं तो सांगत आलेला, आणि हे लोक तर रोज रात्री त्याच खंदकात परत जात होते. 1920 साली त्याने हा पेच लिहून कबूल केला. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली आघाताचे जे निकष छापले, त्यांत टीव्हीवर किंवा पडद्यावर पाहिलेली भीषण दृश्यं आघात म्हणून धरलेली नाहीत. अपवाद फक्त कामाचा भाग म्हणून ती पाहावी लागणाऱ्यांचा. तेव्हा बातम्यांत बॉम्बहल्ले पाहिलेल्या माणसाचं स्वप्न भयानक असू शकतं, पण त्याला आघातस्वप्न म्हटलं की शब्दाची धार बोथट होते आणि ज्याला तो खरोखर लागतो त्याच्यासाठी काही उरत नाही. 

आता म्हण. मला तुमच्या प्रश्नाचा हाच भाग सगळ्यात आवडला, कारण या म्हणीची एका अर्थी परीक्षा झालेली आहे.

अमेरिकेत अर्न्स्ट हार्टमन नावाचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यानंतर त्यांनी अशी माणसं गाठली, जी आधीपासूनच वर्षानुवर्षं सकाळी उठून आपलं स्वप्न वहीत उतरवत होती. अशा 44 जणांकडून त्यांनी हल्ल्याच्या आधीची शेवटची 10 आणि नंतरची पहिली 10 स्वप्नं घेतली. एकूण 880. कुठलं स्वप्न आधीचं आणि कुठलं नंतरचं हे न सांगता ती तपासायला दिली. या माणसांनी हल्ला अंगावर झेललेला नव्हता, पण टीव्हीवर ती विमानं, ते मनोरे पुन्हा पुन्हा पाहिलेले होते. म्हण अक्षरशः घेतली तर नंतरच्या स्वप्नांत विमानांची आणि मनोऱ्यांची गर्दी व्हायला हवी. झाली नाही. उंच इमारतीवर विमान आदळल्याचं एकही स्वप्न त्यांत निघालं नाही. वाढली ती स्वप्नातल्या मुख्य चित्राची तीव्रता. प्रत्येक स्वप्नात एखादं चित्र इतरांपेक्षा ठळक असतं. हल्ल्यानंतर ते अधिक जोरकस, अधिक अंगावर येणारं झालं होतं.

हार्टमन यांचं म्हणणं असं की भावना आधी असते आणि ती स्वतःसाठी चित्र शोधते. आगीतून वाचलेल्या माणसाला आग दिसेलच असं नाही. समुद्राची प्रचंड लाट अंगावर येताना दिसते. 'आपलं काही चालत नाहीये' ही भावना लाटेला चपखल बसते. म्हणीतल्या 'मनी वसे'चा अर्थ मी आता असा लावतो की वसते ती भावना, आणि दिसतं ते तिला सापडलेलं सोंग. तुमच्याकडे ही गोष्ट फक्त उलट्या टोकाने आली आहे. त्या 44 जणांनी हल्ला पाहिला आणि स्वप्नात दुसरंच काही आलं. तुमच्या आयुष्यात दुसरंच काही आहे आणि स्वप्नात हल्ला आला.

मग न पाहिलेलं चित्र सापडतं कुठून? याचं सगळ्यात रंगतदार उदाहरण फ्रेंच विद्वान आल्फ्रेद मोरी याचं. त्याचा जन्म 1817चा, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीतलं दहशतीचं पर्व संपून वीस-बावीस वर्षं झाल्यावरचा. तरुणपणी एकदा तो आजारी होता, आई उशाशी बसलेली. स्वप्नात तो थेट त्या पर्वात गेला. कत्तली पाहिल्या, क्रांतिकारी न्यायासनासमोर उभा राहिला, क्रांतीचे पुढारी रोबेस्पियर आणि मारा, सरकारी वकील फुकिए-तँव्हिल, सगळे समोर. शिक्षा झाली, गर्दीतून वधस्तंभापर्यंत नेलं, फळीला बांधलं, पातं खाली आलं. मान वेगळी होतेय असं वाटताच तो जागा झाला, तर पलंगाचा वरचा दांडा सुटून नेमका मानेवर पडला होता!

यावर लोक शंभर वर्षं वाद घालत आले : दांडा पडल्यापासून जाग येईपर्यंतच्या क्षणात एवढं लांबलचक स्वप्न मावलं कसं? मोरीने ही हकिगत छापली ती 1861च्या पुस्तकात, पुष्कळ वर्षांनी, तेव्हा सांगता सांगता ती जरा नीटनेटकी झाली असणार, हा आक्षेप मलाही पटतो. पण मला त्यातला मारा जास्त बोलका वाटतो. मारा 13 जुलै 1793ला खून होऊन मेला, म्हणजे दहशत ऐन भरात यायच्या आधीच; आणि रोबेस्पियर काही त्या न्यायासनावर बसत नसे. जिवंत अनुभवातून ही टोळी एकत्र येणं कठीण. ती येते वाचनातून, चित्रांतून, मोठ्यांच्या गप्पांतून. मानेवरचा फटका मोरीचा स्वतःचा होता, बाकी सगळा देखावा उसना.

आपल्या उसनवारीचं दुकानही काही लहान नाही. बातम्या, सिनेमे, मुलांचे खेळ तर आहेतच. पण 1971च्या डिसेंबरात मुंबईत काचांना काळे कागद लावून, भोंगा वाजला की दिवे घालवून बसलेली पिढी अजून घराघरांत आहे, आणि त्या गोष्टी आपण जेवता जेवता ऐकलेल्या असतात. शिवाय 'बॉम्ब' हा शब्द मराठी मुलाला भेटतो तो युद्धातून नाही, दिवाळीतून. सुतळी बॉम्ब, लक्ष्मी बॉम्ब. आवाज, वास, कानाला बसलेला दडा, सगळं शरीराला पाठ असतं.

एक माझं सांगतो. वडिलांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तारीख दोनदा पुढे गेली, त्या पंधरवड्यात मला तीनदा एकच स्वप्न पडलं. आमच्या जुन्या वाड्यावरून विमानं अगदी कमी उंचीवरून जातायत, आणि मी एका खिडकीची कडी लावायला धडपडतोय, ती काही बसत नाही. विमानांनी बॉम्ब टाकला नाही, मी कुणाला वाचवलं नाही. सकाळी उठलो की डोळ्यांपुढे विमान नसे, ती कडी असे. ऑपरेशन झालं आणि विमानं थांबली. तीन स्वप्नांवरून सिद्ध काही होत नाही, हे मलाही कळतं. तुम्ही मात्र पुढच्या वेळी एवढं करून बघा : उठल्या उठल्या सैनिक किती, गणवेश कुठला हे सोडून द्या आणि कुठलं एक चित्र अजून हलत नाहीये ते बघा. मग विचारा, ही भावना या आठवड्यात जागेपणी कुठे भेटली होती?

शेवटी वहिनींसाठी दोन-तीन शब्द, कारण त्या साक्षीदार आहेत. झोपेत माणूस अर्धवट काही बोलतो त्याला चावळणे म्हणतात; जुन्या मराठीत वोसणणे असाही शब्द आहे. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. स्वप्नाने दचकून जाग येते, काय पडलं ते आठवतं, आणि बहुधा वेळ उत्तररात्रीची असते, ते वाईट स्वप्न. झोप लागल्यावर पहिल्या काही तासांतच माणूस किंचाळत उठून बसतो, हाका मारल्या तरी भानावर येत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तो प्रकार वेगळा. लहान मुलांत जास्त दिसतो, त्याला रात्रभय म्हणतात. आणि स्वप्नात सैनिकांशी लढता लढता खरोखर हातपाय झाडणे, शेजारच्याला बुक्की बसणे, पलंगावरून खाली पडणे असं पन्नाशीच्या पुढे सुरू झालं, तर शब्दाची चर्चा बाजूला ठेवून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायचं. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू एरवी ढिले पडलेले असतात, ते ढिले पडेनासे झाले की असं होतं. तुमच्या पत्रात तसं काही नाही, पण रात्री काय दिसतं हे तुम्हाला ठाऊक, आणि काय होतं हे वहिनींना.