आतल्या माणसाचं नाव

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. संघाच्या मॅस्कॉटच्या, म्हणजे शुभंकर पात्राच्या, पोशाखात तू नाचतोस, अख्खं स्टेडियम उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी फोटोखाली नाव येतं ते पात्राचं, हे तुला लागलंय. आता प्रोफाइलवर 'आत मी असतो' असं लिहू का, म्हणून विचारतोयस. नको लिहूस. नाव पात्राचंच घ्यायचं.

त्या फोटोकडे फोटो छापणाऱ्याच्या नजरेनं बघ. चेहरा पोशाखाच्या डोक्यात, हात जाड हातमोज्यांत, आवाज तर काढायचाच नाही. आत कोण आहे हे त्या फोटोवरून तुझ्या आईलाही सांगता येणार नाही. दिसतं ते पात्र, आणि खात्रीनं लिहिता येतं ते त्याचंच नाव. शिवाय शुक्रवारी आत तू असतोस, शनिवारी दुसरा कुणी. दोघांची चाल एकच, आणि मुलांच्या वहीत करायची पात्राची सहीसुद्धा दोघांनी एकाच वळणाची घोटलेली. तू 'तो मीच' म्हणालास की शनिवारचा मुलगा त्याच क्षणी तोतया ठरतो. त्यानं तुझं काय वाकडं केलंय?

तू म्हणशील, लोक आतल्या माणसालाच ओळखतात. ओळखतात, कबूल. अमेरिकेतल्या सॅन डिएगोची गोष्ट त्यासाठीच सांगतो. केजीबी नावाच्या रेडिओ केंद्रानं 1974 मध्ये टेड जियानुलस या विद्यार्थ्याला कोंबडीचा पोशाख चढवला. तो बेसबॉलच्या सामन्यांना जाऊ लागला आणि ती कोंबडी शहराची लाडकी झाली. 1979 मध्ये दोघांचं बिनसलं, केंद्रानं त्याला काढलं आणि पोशाखात दुसरा माणूस घातला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पोशाख तोच होता, पण अंगातली लकब वेगळी होती.

इथपर्यंत वाचून तुझी कॉलर ताठ झाली असेल. पण पुढचं वाच. केंद्र कोर्टात गेलं आणि टेडनं सॅन डिएगो परिसरात कोंबडीचा कसलाच पोशाख घालू नये, असा मनाई हुकूम मिळवला. 1980 मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं तो हुकूम फार व्यापक ठरवला. केंद्राची कोंबडी केंद्राचीच, पण कोंबडी होऊन लोकांना हसवण्याची कला त्या माणसाची, ती वापरून पोट भरण्यापासून त्याला अडवता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. तोवर जून 1979 मध्ये तो खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये भल्यामोठ्या अंड्यातून नव्या पोशाखात बाहेर आलाही होता. जुनं नाव मागे सोडून त्यानं नवं पात्र उभं केलं. टेडचं नाव आज लपलेलं नाही, पण कोर्टाच्या कागदांत त्याचं नाव वेगळं आणि कोंबडीचं वेगळं. नाव पात्राचं, कला तुझी. हे दोन्ही एकाच फोटोखाली कोंबू नकोस.

मी आयुष्यभर हेच धरून बसलो. मोठमोठ्या गर्दीत नाचलो, पण माझं नाव कुठेही छापून आलं नाही. घरच्यांना त्याचं वाईट वाटायचं, कधीकधी मलाही वाटलं. तरी पोशाखाचं डोकं मी लोकांसमोर कधी काढलं नाही आणि आजही मला ते बरोबरच वाटतं. माझ्यानंतर त्या पोशाखात गेलेल्या पोरीला पहिल्याच दिवशी मुलांनी तशीच मिठी मारली. माझं नाव आधी गाजलं असतं तर तिला ती मिठी मिळाली असती का?

मात्र एका ठिकाणी मी तुझ्या बाजूनं भांडेन. लोकांसमोर नाव पात्राचं, पण कागदावर तुझं. पात्राला घेरी येत नाही, ती तुला येते. पाळी वीस-तीस मिनिटांची ठरली असताना तुला तासभर आत ठेवलं आणि तू कोसळलास, तर अपघाताच्या नोंदीत 'मॅस्कॉट पडला' असं लिहून चालणार नाही. तिथे तुझं पूर्ण नाव, आत गेल्याची वेळ आणि सोबत्यानं तुला बाहेर काढल्याची वेळ हवी. मानेचं किंवा पाठीचं दुखणं पुढे उपटलं तर त्याच नोंदीवर तुझा दावा उभा राहील. करारातही पाहून घे: पोशाख आणि नाव त्यांचं, हे मान्य कर, पण 'पुढे कुठलंही मॅस्कॉटचं काम करणार नाही' अशी ओळ दिसली तर ती खोडायला लाव. टेडला नेमकं तेच करू देत नव्हते.

आणि नवं काम मागायला जाशील तेव्हा बंद खोलीत, समोरच्या एकदोघांना, आत तू होतास हे खुशाल सांग. करारात तेवढी मुभा आहे का, हे आधी विचारून घे. नसेल तर सही करण्यापूर्वी ती लिहून घे. प्रोफाइलवर मात्र 'पोशाखातला कलाकार' एवढंच टाक. कोणत्या पात्राच्या आत, ते लिहू नकोस.

तुझा,
जुना सहकारी