चार्टच्या शीर्षकात निष्कर्ष लिहावा की फक्त ‘विभागनिहाय विक्री’?

प्रश्न: ‘आमच्या सेल्स रिपोर्टमधल्या सगळ्या चार्टना “विभागनिहाय विक्री”, “महिनावार विक्री” अशी शीर्षकं असतात. शीर्षकात निष्कर्षच लिहावा असं ऐकलं, पण आमचे साहेब म्हणतात की तो पक्षपात होतो, शीर्षक तटस्थ हवं. बरोबर कोण? आणि हे एक्सेलमध्ये आपोआप करता येईल का?’

तुमचे साहेब चुकताहेत. ‘विभागनिहाय विक्री’ हे शीर्षक तटस्थ नाही, रिकामं आहे. खाली पुणे, नाशिक, नागपूर लिहिलंय, डावीकडे लाख रुपये लिहिलंय. विभागनिहाय विक्री आहे हे आंधळ्यालाही कळतं. शीर्षक काहीच सांगत नाही म्हटल्यावर मीटिंगमधला प्रत्येक जण सगळ्यात उंच खांब बघतो, ‘पुणे चांगलं चाललंय’ म्हणतो आणि पुढच्या स्लाइडवर जातो. पुणे दरवर्षीच उंच असतं. ती बातमी नव्हे.

पण ‘निष्कर्ष लिहा’ एवढं सांगून भागत नाही, कारण बहुतेक लोक चुकीचा निष्कर्ष लिहितात आणि मग तुमच्या साहेबांसारख्यांना आयतं कोलीत मिळतं. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण असा घोळ सणाच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये असतो.

समजा मिक्सर विकणारी कंपनी आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये काउंटरवरून 100 लाखांची विक्री झाली, ऑक्टोबर 2024 मध्ये 131 लाखांची. रिपोर्ट करणारा हौसेने शीर्षक ठोकतो: ‘ऑक्टोबरमध्ये विक्री 31 टक्क्यांनी वाढली’. वाक्यात क्रियापद आहे, आकडा आहे, चार्टशी जुळतंही. तरी ते फसवं आहे. 2023 मध्ये लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 मध्ये 1 नोव्हेंबरला. धनत्रयोदशी 10 नोव्हेंबरवरून 29 ऑक्टोबरवर आली. म्हणजे सणाची जी खरेदी आदल्या वर्षी नोव्हेंबरात पडली होती ती या वर्षी ऑक्टोबरात पडली. वाढलं ते कॅलेंडर.

खरं चित्र बघायला सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर एकत्र धरायचे. 2023 मध्ये 72, 100 आणि 128, मिळून 300 लाख. 2024 मध्ये 74, 131 आणि 107, मिळून 312 लाख. वाढ 4 टक्के. 31 कुठे आणि 4 कुठे! तीनच महिने का, तर दसराही सरकतो. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला आला, म्हणजे नवरात्रातली खरेदी बरीचशी सप्टेंबरात गेली. दोन महिनेच धरले असते तर पुन्हा फसगत. 2026 मध्ये अधिक महिन्यामुळे दिवाळी परत नोव्हेंबरात जाते, तेव्हा ऑक्टोबरची विक्री ‘कोसळलेली’ दिसेल आणि कोणीतरी तसं शीर्षकही देईल.

आता ‘सणाच्या तीन महिन्यांत विक्री 4 टक्के वाढली’ हे शीर्षक खरं आहे, पण अजून कामाचं नाही, कारण ते वाचून कोणी काही करणार नाही. 12 लाखांची वाढ कुठून आली ते उलगडा. पुणे 105 वरून 110, नाशिक 62 वरून 76, कोल्हापूर 50 वरून 53, छत्रपती संभाजीनगर 35 वरून 37, आणि नागपूर 48 वरून 36. चार विभागांनी मिळून 24 लाख कमावले, एकट्या नागपूरने 12 लाख घालवले. नागपूर जिथे होतं तिथेच राहिलं असतं तरी वाढ 8 टक्के झाली असती. शीर्षक झालं:

नागपुरात 12 लाखांची घट. त्यामुळे सणाची वाढ 8 ऐवजी 4 टक्के

आणि त्याखाली लहान अक्षरात: ‘मिक्सर, काउंटरवरची विक्री, लाख रुपये, सप्टेंबर ते नोव्हेंबर, 2023 आणि 2024’. तुमचं जुनं शीर्षक जिथे जायला हवं ती ही जागा. ते फेकायचं नाही, एक ओळ खाली उतरवायचं. या ओळीत ‘काउंटरवरची’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. आकडे कंपनीने डीलरला केलेल्या बिलिंगचे असतील, तर ‘विक्री वाढली’ म्हणणं धाडसाचं आहे. माल डीलरच्या गोडाउनमध्ये पडून असेल. बिलिंगचा चार्ट असेल तर शीर्षकातही बिलिंगच लिहा.

लाख लिहायचे की टक्के? नागपूरची घट 25 टक्के आहे हे ऐकायला जास्त दणदणीत वाटतं, पण इथे लाखच हवेत, कारण लाखांची बेरीज होते. वाचणारा 24 मधून 12 वजा करून तुमचं म्हणणं तपासू शकतो. विभागांचे टक्के असे एकमेकांत मिळवता येत नाहीत.

शीर्षक बदललं की चार्टही बदलावा लागतो, आणि लोक इथेच आळस करतात. प्रत्येक विभागाचे दोन वर्षांचे दोन खांब शेजारी ठेवले, तर नागपूरचे खांब सगळ्यात बुटक्यांपैकी असल्यामुळे 12 लाखांची घट डोळ्यात भरतच नाही. शीर्षक फरकाबद्दल बोलतंय, मग फरकच काढा: आडव्या पट्ट्या, नाशिक +14, पुणे +5, कोल्हापूर +3, संभाजीनगर +2, नागपूर −12, याच क्रमाने. चार पट्ट्या करड्या, नागपूर एकटं लाल. फरक नीट दिसावा म्हणून खांबांचा अक्ष शून्याऐवजी 30 पासून सुरू करण्याची युक्ती काही जण करतात. ती करू नका. तसं केलं की साहेबांचा पक्षपाताचा आरोप खरा ठरतो.

आता त्या आरोपाकडेच येतो. शीर्षक कुठवर बोलू शकतं याला मर्यादा आहे, आणि ती याच उदाहरणात नेमकी दिसते. नागपूरचे नग बघितले: 2023 मध्ये 1,600, सरासरी 3,000 रुपयांनी. 2024 मध्ये 1,500, सरासरी 2,400 रुपयांनी. 12 लाखांपैकी 100 नग कमी गेल्याचे 3 लाख, आणि उरलेल्या 1,500 नगांवर प्रत्येकी 600 रुपये कमी मिळाल्याचे 9 लाख. म्हणजे पुढच्या चार्टचं शीर्षक असं होईल: ‘नागपूरच्या घटीतला तीन चतुर्थांश वाटा किमतीचा: सरासरी 3,000 वरून 2,400 रुपये’. इथवर चार्ट साथ देतो.

याच्यापुढे एक पाऊल टाकून ‘नागपुरात जादा सूट दिल्याने 9 लाखांचं नुकसान’ लिहिलंत की गेलात. सरासरी किंमत सुटीमुळे उतरते, तशी गिऱ्हाईक 750 वॅटऐवजी 500 वॅटचं मॉडेल घ्यायला लागलं तरी उतरते. दोन्हींचा उपाय वेगळा आणि जबाबदार माणूसही वेगळा. मॉडेलनिहाय दर काढून बघा: तेच मॉडेल स्वस्तात गेलं असेल तर सूट, मॉडेलचा दर तोच राहून नगांची वाटणी बदलली असेल तर गिऱ्हाईक खालच्या मॉडेलकडे सरकलंय. तो चार्ट हातात येईपर्यंत ‘मुळे’ हा शब्द शीर्षकात नको. वरच्या शीर्षकात मी ‘त्यामुळे’ लिहिलंय, पण ते निव्वळ बेरीज-वजाबाकीचं ‘त्यामुळे’ आहे. ते कॅल्क्युलेटरवर तपासता येतं.

लिहून झाल्यावर स्वतःला विचारा: कुठला आकडा आला तर हे शीर्षक खोटं ठरेल? ‘नागपुरात 12 लाखांची घट’ खोटं ठरू शकतं. ‘नाशिकची दमदार कामगिरी’ आणि ‘नागपूरकडे लक्ष देण्याची गरज’ कधीच खोटं ठरत नाहीत, म्हणून ते निष्कर्ष नव्हेत. पहिलं कौतुक आहे, दुसरा टोमणा.

आणि माझा जुना अनुभव सांगतो की ‘तटस्थ ठेवा’ म्हणणाऱ्यांना बऱ्याचदा सांख्यिकीची चिंता नसते. नागपूरचे मॅनेजर त्याच खोलीत बसलेले असतात, त्यांच्यासमोर ही ओळ कोणी वाचायची हा खरा प्रश्न असतो. संकोच समजू शकतो. त्यावर उपाय म्हणजे रिपोर्ट मीटिंगच्या आदल्या दिवशी त्यांना पाठवणं. आकड्यात चूक असेल तर ते सांगतील, आणि 500 वॅटच्या मॉडेलची गोष्टही बहुधा तेच सांगतील. शीर्षकाचं क्रियापदही जपून घ्या. ‘नागपुरात घट’ लिहा, ‘नागपूर अपयशी’ नको. मीही वर बोलण्याच्या ओघात ‘नागपूरने घालवले’ म्हटलंय. स्लाइडवर ते चालणार नाही.

एक्सेलचं सांगतो. शीर्षक सेलला जोडता येतं. समजा B6 मध्ये जुना आकडा, C6 मध्ये नवा, दोन्ही लाखात. E1 मध्ये हे लिहा:

```
=IF(ABS(C6-B6)<1,"नागपूरची सणाची विक्री जवळपास तेवढीच","नागपूरची सणाची विक्री "&TEXT(ABS(C6-B6),"0")&" लाखांनी "&IF(C6<B6,"घटली","वाढली"))
```

मग चार्टच्या शीर्षकावर क्लिक करा, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये `=` टाइप करा, E1 वर क्लिक करा आणि एंटर दाबा. आख्खा फॉर्म्युला थेट शीर्षकात टाकून चालत नाही, सेलचा पत्ताच द्यावा लागतो. सुरुवातीची 1 लाखाची अट काढू नका, नाहीतर एखाद्या महिन्यात ‘0 लाखांनी वाढली’ असं छापून येईल.

पण यात आकडा बदलतो, विषय बदलत नाही. पुढच्या वर्षी नागपूर सावरलं आणि कोल्हापूर घसरलं तरी तुमचं शीर्षक नागपूरबद्दलच बोलत राहील. म्हणून दर महिन्याच्या रिपोर्टला मी तरी हातानेच शीर्षक लिहायला सांगेन. हाताने लिहिण्यात धोका एकच: गेल्या महिन्याची फाइल कॉपी केली, आकडे नवे आले, शीर्षक जुनंच राहिलं. आकडे भरण्याआधी सगळी शीर्षकं पुसून टाका. कोरं शीर्षक नजरेत येतं, शिळं येत नाही.

एका ठिकाणी मात्र तुमच्या साहेबांचं ऐका. पॉवर बीआयसारख्या डॅशबोर्डवर, जिथे बघणारा स्वतः विभाग आणि महिना निवडतो, तिथे हाताने लिहिलेला निष्कर्ष पहिल्या क्लिकला खोटा ठरतो. तिथे ‘विभागनिहाय विक्री’च ठेवा.